बटेरच्या एका अंड्यात कोंबडीची पाच अंडी मावत नाहीत

पोहरादेवी, मानोरा, दिग्रस या भागात बटेर हा पक्षी नवा नाही. गवताळ माळावर तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. नवी आहेत ती पाळीव बटेरची ठिपक्यांची अंडी, प्लॅस्टिकच्या डबीत बारा-बारा भरून विकली जाणारी. त्या डबीबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एका अंड्यात कोंबडीच्या पाच अंड्यांची ताकद आहे." विकणारा हे सांगतो, घेणारा घरी जाऊन सांगतो, आणि मग बाळंतिणीला, आजारी म्हाताऱ्याला, परीक्षेला बसलेल्या पोराला दिवसाला एक इवलंसं अंडं देऊन घरचे निश्चिंत होतात. त्या अंड्यातून त्या माणसाच्या पोटात जेमतेम एक ग्रॅम प्रथिन गेलेलं असतं. म्हणून या वाक्याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तालिकेतले आहेत. कोणीही पडताळून पाहावेत. टरफल काढलेलं बटेरचं अंडं साधारण ९ ग्रॅमचं, कोंबडीचं ५० ग्रॅमचं, बदकाचं ७० ग्रॅमचं. शंभर ग्रॅम अंड्यात प्रथिन कोंबडीच्या १२.६ ग्रॅम, बदकाच्या १२.८, बटेरच्या १३. म्हणजे तिन्ही जवळजवळ सारखीच. आता नगाचा हिशेब करा. बटेरच्या एका अंड्यात १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन येतं, कोंबडीच्या एका अंड्यात ६.३ ग्रॅम. पाचपट आहे खरं, पण उलट बाजूने. कोंबडीच्या एका अंड्याची बरोबरी करायला बटेरची पाच अंडी लागतात, तेव्हा कुठे ५.९ ग्रॅमपर्यंत पोचतो.

मग ही समजूत आली कुठून? तिच्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारू नये. तेवढ्याच वजनात बटेरच्या अंड्यात लोह कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीच्या आसपास असतं आणि ब-१२ जीवनसत्त्व पावणेदोनपट. पण ही तुलना वजनाला वजन अशी आहे, नगाला नग नव्हे. ब-१२ साठीच अंडं शोधत असाल, तर त्यात बदकाचं अंडं या दोघांच्या कितीतरी पुढे आहे, आणि त्याचा गाजावाजा कोणी करत नाही. 'अ' जीवनसत्त्व बटेर आणि कोंबडी दोघांत जवळपास सारखंच.

याहून घातक वाक्य दुसरं: "बटेरच्या अंड्यात कोलेस्टेरॉल नसतं, हार्टवाल्यांनी खुशाल खावं." हे साफ खोटं आहे. शंभर ग्रॅममागे कोंबडीच्या अंड्यात ३७२ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, बटेरच्या ८४४ आणि बदकाच्या ८८४. वरची पाच अंडी पुन्हा घ्या: त्यांतून सुमारे ३८० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल पोटात जातं, कोंबडीच्या एका अंड्यातून १८६. निरोगी माणसाने अंड्यातल्या कोलेस्टेरॉलची पूर्वीइतकी धास्ती घ्यायचं कारण उरलेलं नाही. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांनीही दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत गाळली. पण ज्याला डॉक्टरांनी बलक मोजून खायला सांगितलं आहे, त्याच्या ताटात 'बिनकोलेस्टेरॉलचं' म्हणून हे अंडं वाढणं हा अपराध आहे. दमा बरा होतो, रक्त शुद्ध होतं, या दाव्यांवर तर औषध मुळीच बंद करू नये.

चवीबद्दलचे गैरसमज त्यामानाने निरुपद्रवी आहेत. बटेरचं अंडं चवीला कोंबडीच्या अंड्याच्या अगदी जवळ, जरा सौम्य आणि मऊ. ते वेगळं वाटतं ते मुख्यतः एका घासात बलक आणि पांढरं सोबत येतं म्हणून. बदकाचं मात्र खरोखर वेगळं. त्यात पाणी कमी (शंभर ग्रॅममध्ये ७१, कोंबडीच्या ७६), स्निग्धांश जवळजवळ १४ ग्रॅम, कोंबडीच्या साडेनऊ. बलक मोठा असतो, म्हणून ते दाट आणि तुपकट लागतं. "बदकाच्या अंड्याला वास येतोच" हेही पूर्ण खरं नाही. बदक काय खातं यावर ते अवलंबून आहे. मासळी आणि गोगलगायींवर पोसलेल्या बदकाच्या अंड्याला उग्र वास येतो, धान्यावर वाढलेल्याच्या अंड्याला फारसा नाही. गडद केशरी बलक म्हणजे जास्त पौष्टिक, हाही भ्रमच; तो रंग चाऱ्यातल्या रंगद्रव्याचा.

स्वयंपाकात खरी फसगत होते ती वेळेची. "बटेरचं अंडं पाचपट लहान, म्हणजे पाचपट लवकर शिजेल" असं धरलं जातं. उष्णता टरफलाकडून आत सरकते, त्यामुळे वेळ ठरते ती मुख्यतः आतपर्यंतच्या अंतरावर. वजन साडेपाच पटीने घटलं तरी वेळ साधारण अडीच ते तीन पटीनेच घटते. उकळत्या पाण्यात सोडल्यापासून मोजलं, तर कोंबडीचं अंडं कडक व्हायला ९ ते १० मिनिटं, बटेरचं साडेतीन ते ४, बदकाचं ११ ते १२. बटेरचा बलक मऊ हवा असेल तर अडीच मिनिटांत काढा. अंडी फ्रिजमधून थेट काढली असतील तर मोठ्या अंड्यांना मिनिटभर वाढवा. वेळ झाली की लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर आतली उष्णता शिजवतच राहते.

वेळ चुकल्याची खूण सोपी आहे. बलकाभोवती हिरवट-करडं कडं दिसलं, म्हणजे अंडं जास्त उकळलं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन ते तयार होतं. खायला अपाय नाही. बटेरचं अंडं आधी उकडून पुन्हा रश्श्यात दहा मिनिटं खदखदू दिलं, तर पांढरं चिवट होतं. रस्सा तयार झाल्यावर, आच बंद करायच्या आधी दोन मिनिटं उकडलेली अंडी सोडावीत. बदकाचं पांढरं तर मोठ्या आचेवर रबरासारखं होतं, म्हणून त्याची भुर्जी मंद आचेवरच करावी. कोंबडीच्या तीन अंड्यांच्या जागी बदकाची दोन पुरतात, आणि तेल निम्मं टाकलं तरी चालतं.

बटेरचं कच्चं अंडं तव्याच्या कडेवर आपटू नका. टरफल पातळ असलं तरी आतला पापुद्रा चिवट असतो. ते चुरतं आणि बलक फुटतो. बोथट टोकाचा भाग दातेरी सुरीने कापून घ्यावा.

बदकाचं अंडं कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नये. बदकाची अंडी पाण्या-चिखलात पडतात आणि साल्मोनेलाचे जंतू त्यांत असू शकतात. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये बदकाच्या अंड्यांतूनच अशी लागण झाल्याची नोंद आहे. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असणाऱ्याला बटेरची किंवा बदकाची अंडी चालतील, असंही गृहीत धरू नये.

आणि एक गोष्ट इथल्या माळांसाठी. डबीत मिळतं ते अंडं जपानी बटेरचं. ही पाळीव जात १९७४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला अमेरिकेतून आणली गेली. आपल्या गवतात दिसतात ते बटेर आणि लाव्हे वेगळे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारे. 'गावरान असेल तर जास्त ताकद' म्हणून त्यांची अंडी उचलू नका. माळावर घरटं दिसलं तर तसंच राहू द्या आणि बरोबरच्या पोरांनाही तेच सांगा.