चौकटीतली वाळवी, पलंगातला भुसा आणि एक नोंदवही

बेडरूमच्या कोपऱ्यात भुसा पडलेला दिसला की आपण लगेच म्हणतो, वाळवी लागली. मग घाईने बाजारातला स्प्रे आणून मारतो, फरशी पुसून घेतो आणि त्यानंतर पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन करतो. ते येतात तेव्हा दाखवायला काहीच उरलेलं नसतं. भुसा केरात गेलेला, मातीची नळी फडक्याने पुसलेली, किडे पांगलेले. मग त्यांना अंदाजाने काम करावं लागतं. लाकडाच्या बाबतीत अंदाज चुकला तर तो महागात पडतो, कारण जमिनीतून येणाऱ्या वाळवीचा उपाय वेगळा आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा वेगळा. वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध जमिनीत सोडतात. भुंगेऱ्यावर या भोकांचा काडीचाही परिणाम होत नाही. त्याचा उपाय लाकडातच करावा लागतो.

म्हणून स्प्रेच्या डब्याला हात लावण्याआधी एक वही उघडावी. उदाहरण म्हणून तळमजल्यावरचा एक फ्लॅट घेऊ. बेडरूम आणि बाथरूम यांच्यामध्ये सामाईक भिंत, त्या भिंतीत दाराची लाकडी चौकट आणि चौकटीपासून दोन हातांवर नवा पलंग. वहीतली पहिली नोंद अशी: ‘9 जून, संध्याकाळी सव्वासात. दुपारी पहिला जोरदार पाऊस. बाथरूमच्या दिव्याखाली पंखवाले किडे, पन्नासच्या वर. खिडकी बंद होती. सकाळी उंबऱ्याशी गळलेले पंख, सगळे सारख्याच लांबीचे.’

या चार ओळींत जाणकाराला हवं ते बरंच आलं आहे. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे बाहेर पडतात, तसेच मुंग्यांचेही पडतात, आणि दोन्ही दिव्याकडे धावतात. वाळवीचे चारही पंख जवळपास सारख्या लांबीचे असतात, तर मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान. वाळवीची कंबर जाड असते आणि मिशा सरळ असतात. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या. त्याहून मोलाची नोंद आहे ती बंद खिडकीची. खिडकी उघडी असती तर किडे बाहेरून दिव्याकडे आले असंही म्हणता आलं असतं. खिडकी बंद असताना ते उंबऱ्याशी निघाले, याचा अर्थ वाट घरातूनच आहे असा दाट संशय येतो. नुसता ‘किडे आले’ असा फोटो पाठवला असता तर हे कुणाला कळलं असतं?

पुढची नोंद: ‘2 जुलै, सकाळी आठ. चौकटीची डावी बाजू, फरशीपासून वीतभर उंचीवर मातीची नळी, साधारण अर्धा सेंटीमीटर रुंद. मधला बोटभर तुकडा मोडला, कडेला खडूने तारीख लिहिली.’ आणि त्याखाली: ‘5 जुलै. मोडलेला भाग ओल्या मातीने भरला आहे.’ नळी मुद्दाम पूर्ण काढलेली नाही. दोन्ही टोकं जागेवर ठेवून मधला भाग मोडला की वाळवी जिवंत असेल तर बहुधा काही दिवसांत दुरुस्ती दिसते. उलट दुरुस्ती झाली नाही तर मात्र वाळवी गेली असं समजू नये, कारण ती दुसऱ्या वाटेने वळलेली असू शकते. त्यामुळे ‘काही बदल नाही’ हेही तारीख घालून लिहायचं.

याच वहीत तिसरा धागा आहे आणि तो नसता तर सगळा दोष वाळवीच्या माथी गेला असता. ‘20 जून. पलंगाच्या मागच्या उजव्या पायाशी फिक्या रंगाचा बारीक भुसा. पायावर गोल भोकं, टाचणीच्या डोक्याएवढी. माती कुठेच नाही. पलंग एप्रिलमध्ये घेतलेला.’ जमिनीतून येणारी वाळवी असा भुसा बाहेर टाकत नाही, ती माती भरते. बोटांत चोळल्यावर कण लागतच नाही इतका बारीक भुसा आणि गोल भोकं ही भुंगेऱ्याची खूण, आणि तो अनेकदा फर्निचरच्या लाकडातूनच घरात येतो, विशेषतः लाकडाच्या फिकट, बाहेरच्या भागातून. म्हणून खरेदीची तारीख लिहायची. चोळल्यावर भुसा खसखशीसारखा रवाळ लागला आणि भिंगातून प्रत्येक कण सहा बाजूंचा दिसला, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी असते, म्हणजे तिसरीच भानगड. पायाखाली काळा कागद ठेवून दोन दिवसांनी पाहिलं तर नवा भुसा पडतो की नाही ते समजतं. पण पलंग हलवला तर जुन्या भोकांतला भुसाही गळतो, त्यामुळे त्या दोन दिवसांत हलवाहलव नको.

फोटो काढताना एक दुरून आणि एक जवळून, दोन्ही हवेत. दुरूनच्या फोटोत चौकट, भिंत, पलंग ओळखता यावं, जवळच्या फोटोत शेजारी नाणं ठेवावं, म्हणजे आकार समजतो. फोन अगदी टेकवला की चित्र पुसट होतं. थोडं मागे सरून झूम करावं, फ्लॅश बंद ठेवून टॉर्च बाजूने धरावा. भोकं आणि नळीचा उंचवटा तेव्हाच उठून दिसतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली काढल्याची तारीखही निघून जाते. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. फोटोचा क्रमांक वहीत आणि घराच्या साध्या आराखड्यावरही टाकावा.

किडा सापडला तर छोट्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात ठेवावा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई स्पिरिटमध्ये विरघळते. गळलेले पंख कोरड्या पाकिटात. फोटोवरून न पटलेली गोष्ट नमुन्यावरून पटते.

वहीत सर्वांत जास्त बिघडतं ते शब्दांमुळे. ‘चौकटीला वाळवी’ असं लिहिलं की निदान आपणच करून टाकलं. ‘चौकट बोटाने ठोकली, पोकळ आवाज आला’ असं लिहिलं की निर्णय जाणकाराकडे राहतो. स्प्रे मारलाच असेल तर त्याचं नाव, तारीख आणि जागाही प्रामाणिकपणे लिहावी. फवाऱ्याने किडे दुसरीकडे वळतात आणि पुढच्या तपासणीत नेमकी तीच जागा मोकळी दिसते.

या फ्लॅटची वही हातात आल्यावर पेस्ट कंट्रोलवाल्यांनी पाहणी केली आणि काम दोन भागांत विभागलं: चौकटीच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जमिनीत औषध, आणि पलंगाच्या पायांवरचं पॉलिश खरवडून लाकडातल्या भोकांत वेगळं औषध. बाथरूमच्या बाजूची ओलही शोधायला सांगितली. भोकं कुठे पाडली, औषधाचं नाव काय आणि कोणत्या तारखेला सोडलं, या नोंदी पुढच्या पानावर आल्या. खडूची खूण तशीच ठेवली आहे, कारण वाळवीवरची बरीचशी औषधं सावकाश काम करतात आणि ती जागा पुढचे काही आठवडे, मग येत्या पहिल्या पावसातही, त्याच वेळी तपासायची आहे.