आईची संध्याकाळची हाउसी

डब्लिनहून मुलगी सांगलीला फोन लावते, तेव्हा तिथे रात्रीचे आठ वाजलेले असतात. अलीकडे आई घाईत असते. "अगं, आमची हाउसी सुरू होतेय. नंतर बोलू?"

लॉकडाउनमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर गंमत म्हणून सुरू झालेला हा खेळ. तिकिटावर पंधरा आकडे, पुकारले जातात एक ते नव्वद. आता ग्रुप अनोळखी आहे आणि तिकिटाचे पैसे यूपीआयने जातात.

सुट्टीत घरी आल्यावर मुलीने आईसोबत बसून हिशेब मांडला. पन्नास रुपयांची चाळीस तिकिटं म्हणजे दोन हजार. बक्षिसं सोळाशेची, चारशे चालवणाऱ्याचे. म्हणजे प्रत्येक तिकिटामागे सरासरी दहा रुपये जाणारच. आई रोज चार डाव, प्रत्येकी तीन तिकिटं घेते. महिन्याला सुमारे 3,600 रुपयांचा तोटा. मधूनच 'फुल हाउस' लागतं आणि तेवढंच लक्षात राहतं, म्हणून तो जाणवत नाही.

2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आणली. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण ग्रुपवाल्याने पैसे बुडवले तर ते परत मिळवणं अवघडच.

"आकडा लागला की सगळे माझं नाव घेतात गं," आई म्हणाली. मुलीला हे पैशांपेक्षा जास्त लागलं, आणि ते बरोबरच होतं. ग्रुप सुटला. आता मावश्या, आत्या मिळून रविवारी बिनपैशांची हाउसी खेळतात. आकडे मुलगी डब्लिनहून पुकारते.