एका वेळी एकच बिट

720p व्हिडिओचे बिंदू 74.25 मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवर चिपमध्ये येतात. त्याच चिपचा मेमरीकडचा भाग, समजा, 100 मेगाहर्ट्‌झवर चालतो. दोन्ही क्लॉक स्वतंत्र असल्यामुळे त्यांचे ठोके एकमेकांच्या कितपत जवळ पडतील, याचा काही नेम नसतो. म्हणून मध्ये फिफो ठेवतात. आधी आलेला डेटा आधी बाहेर पडतो. आपण 8 कप्प्यांचा छोटा फिफो घेऊ.

पुढचा डेटा कुठे लिहायचा हे राइट पॉइंटर सांगतो आणि कुठून वाचायचा हे रीड पॉइंटर. दोघे सारखे झाले की फिफो रिकामा. पण राइट पॉइंटर एक पूर्ण फेरी मारून रीड पॉइंटरला गाठतो, तेव्हा फिफो भरलेला असतो आणि कप्प्यांचे क्रमांक तरीही सारखेच दिसतात. ही गल्लत टाळायला 3 ऐवजी 4 बिटांचा पॉइंटर घेतात. तो 0 ते 15 मोजतो आणि वरचा बिट फेरी सांगतो.

अडचण अशी, की रिकामेपणा ठरवायला वाचणाऱ्या बाजूला राइट पॉइंटर लागतो आणि तो दुसऱ्याच क्लॉकवर बदलत असतो. समजा दोन्ही पॉइंटर 7 वर आहेत, म्हणजे फिफो रिकामा आहे. आता एक नोंद लिहिली गेली आणि राइट पॉइंटर 0111 वरून 1000 वर निघाला. चारही बिट बदलतात, पण अगदी एकाच क्षणी नाही. नेमका तेव्हाच वाचणाऱ्याचा ठोका पडला, तर काही बिट जुने आणि काही नवे उचलले जातात. 1111 हाती आलं, तर वाचणारी बाजू आठ नोंदी आल्या असं धरून जुना, निरर्थक डेटा वाचत सुटते.

यावरचा उपाय म्हणजे ग्रे कोड. बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांनी त्याच्या पेटंटसाठी 1947 मध्ये अर्ज केला आणि 1953 मध्ये ते मिळालं. या कोडमध्ये शेजारच्या दोन संख्यांत एकाच बिटाचा फरक असतो. 7 म्हणजे 0100 आणि 8 म्हणजे 1100. बदलाच्या क्षणी नमुना घेतला तरी हाती 7 येईल किंवा 8. तिसरं काही येऊच शकत नाही. 7 आलं तर फिफो अजून रिकामा दिसेल, 8 आलं तर एक नोंद दिसेल. दोन्ही उत्तरं चालतात.

इथे एक गैरसमज फार आढळतो. ग्रे कोडमुळे मेटास्टेबिलिटी, म्हणजे बदलत्या बिटाचं 0 आणि 1 यांमध्ये काही काळ लटकणं, थांबत नाही. तो बिट एका बाजूला स्थिरावावा म्हणून एकामागे एक दोन फ्लिपफ्लॉप लावावेच लागतात. तो कुठल्याही बाजूला पडला तरी बिघडू नये, एवढं काम ग्रे कोडचं. लिहिणारं क्लॉक कितीतरी वेगवान असलं तरीही हे टिकतं. दोन नमुन्यांमध्ये पॉइंटर पाच पावलं पुढे गेला, तर नमुन्यांत अनेक बिटांचा फरक दिसू शकेल, पण प्रत्यक्ष ठोक्याच्या क्षणी हलणारा बिट एकच असतो.

दोन फ्लिपफ्लॉपमधून आलेला पॉइंटर थोडा शिळा असतो, आणि या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथेच आहे. शिळा राइट पॉइंटर पाहणाऱ्याला फिफो आहे त्यापेक्षा रिकामा वाटतो आणि शिळा रीड पॉइंटर पाहणाऱ्याला तो जास्त भरलेला वाटतो. म्हणून ‘रिकामा’ हा फ्लॅग वाचणाऱ्या क्लॉकवर काढतात आणि ‘भरलेला’ हा लिहिणाऱ्या क्लॉकवर. चूक झालीच तर वाचणारा किंवा लिहिणारा दोन-तीन ठोके विनाकारण थांबतो. डेटा मात्र हरवत नाही.

```
gray  = bin ^ (bin >> 1);
empty = (rgray_next == wgray_sync);
full  = (wgray_next == {~rgray_sync[3:2],
                         rgray_sync[1:0]});
```

`full` मध्ये वरचे दोन बिट उलटवले आहेत. साध्या बायनरीत फक्त वरचा उलटवून भागलं असतं. इथे तसं केलं तर 0100 आणि 1100 यांची तुलना ‘भरलेला’ म्हणेल, पण ते तर 7 आणि 8 आहेत, आत एकच नोंद आहे. दोन बिट उलटवले की हिशेब बसतो. रीड पॉइंटर 3 म्हणजे 0010. त्याचे वरचे दोन उलटवले की 1110 मिळतं, आणि 1110 म्हणजे 11, बरोबर आठने पुढे.

हे सगळं टिकायला काही अटी पाळाव्या लागतात. ग्रे पॉइंटर रजिस्टरमधूनच बाहेर पडला पाहिजे. बायनरीवरून ग्रे करणाऱ्या गेटांचं आउटपुट थेट पलीकडे पाठवलं, तर त्यात क्षणिक खोटे बदल उमटतात. कप्प्यांची संख्या 2, 4, 8, 16 अशी दोनाच्या घातातली असावी. 6 कप्पे घेऊन मोजणी 11 वरून 0 वर आणली, तर 1110 वरून 0000 होताना तीन बिट एकदम बदलतात. तिसरी अट सिम्युलेशनमध्ये दिसत नाही. एका बिटाची तार दुसऱ्यापेक्षा इतकी लांब गेली, की त्यांच्या उशिरांतला फरक पाठवणाऱ्या क्लॉकच्या एका ठोक्याहून मोठा झाला, तर आधीच्या पावलाचा बिट नंतरच्या पावलाच्या बिटामागून पोहोचतो आणि एका वेळी एकच बिट बदलण्याची हमी मोडते. म्हणून चारही तारांच्या उशिरांतला फरक मर्यादेत ठेवण्याची अट टाइमिंगच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहावी लागते. हा मार्ग असिंक्रोनस आहे म्हणून तो तपासणीतून सरसकट वगळला, तर टूल त्या फरकाकडे बघतच नाही.