‘कुड’पासून ‘माइट’पर्यंत: ऑफिसच्या इंग्रजीतली अदब

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी सहकाऱ्याला मराठीत लिहिते, ‘टेस्ट फाइल आज पाठवा.’ या वाक्यात उद्धटपणा शोधूनही सापडणार नाही. ‘पाठव’ऐवजी ‘पाठवा’ लिहिलं, तिथेच मान राखला गेला. हाच निरोप ती लंडनच्या क्लायंटला इंग्रजीत धाडते: ‘सेंड द टेस्ट फाइल टुडे.’ व्याकरण चोख, स्पेलिंग बिनचूक, आणि तरीही समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. त्याला तो हुकूम वाटतो. मराठीत ज्या ‘वा’ने सगळं सांभाळून घेतलं होतं, त्याला इंग्रजीत जागाच नाही.

एकेकाळी इंग्रजीतही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद होता. जवळच्याला किंवा हाताखालच्याला ‘दाउ’, मोठ्याला ‘यू’. सतराव्या शतकापासून ‘दाउ’ रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेलं आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना एकच ‘यू’ उरलं. सर्वनामातून मान दाखवायची सोय गेल्यावर अदबीचा बराचसा भार कॅन, कुड, वुड, मे, माइट, शुड अशा छोट्या साहाय्यक क्रियापदांवर आला. व्याकरणात यांना मोडल म्हणतात. मराठी माणसाला ती शाळेपासून पाठ असतात. अडचण येते ती त्यांतलं कोणतं कधी वापरायचं, इथे.

विनंतीपासून सुरुवात करू. ‘कॅन यू सेंड द फाइल?’ हे रोजच्या उठबशीतल्या सहकाऱ्याला अगदी चालतं. परक्याला किंवा वरिष्ठाला लिहिताना ‘कुड यू सेंड द फाइल?’ बरं. ‘कुड’ हे मुळात ‘कॅन’चं भूतकाळी रूप, पण इथे भूतकाळाचा काही संबंध नाही; फाइल आजच हवी आहे. क्रियापद एक पाऊल मागे घेतलं की मागणीही एक पाऊल मागे सरते, एवढंच. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये, कारण तोही हेच करतो. कुणाच्या केबिनच्या दारात उभं राहून ‘सर, एक विचारायचं होतं’ असं म्हणणाऱ्याला विचारायचं आत्ताच असतं. ‘तुमच्याकडे जरा काम होतं’ म्हणणाऱ्याचं कामही अजून व्हायचंच असतं.

‘कुड’ नेमकं काय साधतं? ते समोरच्याला जमेल का, असं विचारतं. त्यामुळे ‘आज नाही जमणार’ असं म्हणायला त्याला वाट राहते आणि नकारात कुणाचा अपमान होत नाही. पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन या भाषाअभ्यासकांनी १९८७ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या अभ्यासात ही गोष्ट नीट मांडली. इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ या तीन भाषा त्यांनी मुख्यतः तपासल्या. विनंती किती मऊ करायची हे त्यांच्या मते तीन गोष्टींवर ठरतं: दोघांतली ओळख किती, अधिकार कुणाचा किती, आणि मागणीचं ओझं केवढं.

यातली तिसरी गोष्ट ऑफिसात सर्वांत जास्त विसरली जाते. शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडून एक लिंक हवी असेल तर ‘कॅन यू’ पुरे. पण त्याच मित्राने शुक्रवारी संध्याकाळी चाळीस पानांचा अहवाल वाचून द्यावा असं वाटत असेल, तर ‘वुड यू बी एबल टु गो थ्रू इट बाय मंडे?’ असं विचारणं शोभतं. माणूस तोच आहे, ओझं बदललं आहे.

एका चुकीकडे मात्र वेळीच लक्ष द्यायला हवं. ‘मे आय कम इन’ शाळेत घोटून घेतलेलं असल्यामुळे ‘मे’ म्हणजे अदब असं डोक्यात बसतं आणि ‘मे यू सेंड द फाइल?’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत अशी विनंती होत नाही. परवानगी स्वतःसाठी मागायची तर ‘मे’ चालतं. दुसऱ्याला काम सांगताना ‘मे यू’ लिहिलं की वाक्य आशीर्वादाच्या वळणावर जातं.

सूचना करणं विनंतीपेक्षा नाजूक, कारण सूचनेत समोरच्याचं काहीतरी चुकलंय हे दडलेलं असतं. ‘हा तक्ता पहिल्या पानावर घ्यायला हवा’ हे मराठीत सहज बोललं जातं. त्याचं सरळ इंग्रजी होतं ‘यू शुड’ किंवा त्याहून कडक ‘यू मस्ट’. ‘मस्ट’मध्ये सक्ती आहे, ‘शुड’मध्ये ‘तुमचं कर्तव्य होतं’ असा सूर येऊ शकतो. ‘यू कुड मूव्ह द टेबल टु पेज वन’ म्हटलं की तो अनेकांतला एक पर्याय होतो. ‘यू माइट वॉन्ट टु मूव्ह द टेबल’ त्याहून सौम्य. यात निर्णय पूर्णपणे वाचणाऱ्यावर सोडल्यासारखा वाटतो.

वाटतो, पण नेहमी सोडलेला नसतो. खरी मेख इथे आहे.

समजा, पुण्याच्या टीमने तिमाहीचा अहवाल लंडनला पाठवला. तिथल्या वरिष्ठ बाईंचं उत्तर आलं: ‘यू माइट वॉन्ट टु चेक द टोटल्स ऑन पेज फोर बिफोर धिस गोज आउट.’ पुण्यात अर्थ लागला, ‘वाटलं तर बघा.’ वेळ थोडा होता, अहवाल तसाच पुढे गेला आणि चौथ्या पानावरच्या बेरजा चुकलेल्या निघाल्या. बाईंनी मात्र आपल्या परीने स्पष्ट सांगितलं होतं. ब्रिटिश कार्यालयात वरिष्ठाच्या तोंडचं ‘माइट वॉन्ट टु’ बहुधा सूचना म्हणूनच घेतलं जातं.

हे ओळखायच्या खुणा वाक्यातच असतात. बाईंनी पान क्रमांक दिला आहे, नेमकी बेरीज म्हटली आहे आणि ‘बाहेर जाण्यापूर्वी’ अशी मुदतही घातली आहे. ज्याला खरोखर पर्यायच सुचवायचा असतो, तो इतक्या तपशिलात शिरत नाही. शिवाय लिहिणारा अधिकाराने वर असेल, तर ‘माइट’ काम म्हणूनच धरावं. शंका असेल तर एका ओळीत विचारून घ्यावं: ‘शॅल वी होल्ड द रिपोर्ट अंटिल द टोटल्स आर चेक्ड?’ यात कमीपणा काही नाही.

उलट टोकही वाईटच. ‘आय वॉज जस्ट वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली’ अशी वाक्यं रचत गेलं की मूळ मागणी शेवटच्या शब्दांत बुडते आणि मोबाइलवर घाईने वाचणाऱ्याला काय हवंय तेच कळत नाही. साध्या मागणीला एक मोडल आणि एक ‘प्लीज’ पुरतं. मोडलपेक्षा जास्त उपयोगी पडतं ते कारण: ‘कुड यू प्लीज सेंड द टेस्ट फाइल बाय फोर? द क्लायंट कॉल इज ॲट फाइव्ह.’ चार वाजता का, हे कळल्यावर वाक्य आणखी मऊ करायची गरजच उरत नाही.

आणि नकाराला जागाच नसेल, तेव्हा ‘कुड’ लिहू नये. सर्व्हर बंद पडलाय, पैशांचे व्यवहार अडकलेत, अशा वेळी ‘कुड यू टेक अ लुक?’ वाचणाऱ्याला सवडीचं काम वाटू शकतं. तिथे ‘प्लीज रीस्टार्ट द पेमेंट सर्व्हर नाउ अँड कॉल मी’ एवढंच लिहावं. रात्री दोनला ड्यूटीवर असलेल्या माणसालाही तेच सोयीचं असतं. त्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.