संत्र्याची फोड आणि सुईचं भोक

कॉफीच्या पानाचा तांबेरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याचा एकेक बीजाणू संत्र्याच्या फोडीसारखा दिसतो. रंग नारिंगी, आकार फोडीचाच. पाठ खरखरीत आणि पोट गुळगुळीत. १८६९ साली सिलोनहून आलेली रोगट पानं तपासणाऱ्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं हेमिलिया व्हास्टाट्रिक्स, म्हणजे ‘अर्धी गुळगुळीत, विध्वंस करणारी’. नावातलं भाकीत खरं ठरलं. पुढच्या वीसेक वर्षांत सिलोनची कॉफी संपली आणि तिच्या जागी चहा आला.

एवढा संहार करणाऱ्या या फोडीला पानात शिरायला दारं एकाच बाजूला मिळतात. कॉफीच्या पानाची श्वसनरंध्रं फक्त खालच्या बाजूला असतात. त्यामुळे बीजाणू वरच्या, चकचकीत बाजूवर पडला तर तिथेच वाया जातो. खालच्या बाजूला पोहोचला तरी त्याला रुजण्यासाठी पाण्याचा थेंब हवा, नुसता दमटपणा पुरत नाही. थेंब तासन्‌तास टिकला आणि हवा फार गार किंवा फार उष्ण नसली, तर बीजाणूला कोंब फुटतो आणि तो रंध्रातून आत जातो. त्यानंतर काही आठवडे बाहेर काहीच दिसत नाही. मग पानावर फिकट पिवळा ठिपका उमटतो. पान उलटं करून बोट फिरवलं की बोटाला नारिंगी भुकटी लागते. तांबेऱ्याची याहून सोपी परीक्षा नाही.

तांबेरा फळाला शिवत नाही, तरीही कपातली चव बिघडते. पान गळालं की फळाला साखर पुरवणारं कोणी उरत नाही. फळं धरलेल्या फांद्या शेंड्याकडून वाळत जातात, दाणा पोसत नाही, पोकळ आणि हलका राहतो. अशी कॉफी भाजली की तिला कच्चट, गवतासारखी चव येते.

कोडगू आणि चिकमगळूरचे बागायतदार यावर जे औषध वापरतात ते नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना चांगलं ठाऊक आहे: बोर्डो मिश्रण. कॉफीसाठी ते अर्धा टक्क्याचं असतं. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवायचा आणि एकत्र करून दोनशे लिटर भरायचं. मिश्रण लोखंडी पिंपात करायचं नाही. तयार झालं की घासलेली सुरी त्यात क्षणभर बुडवायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणि तसंच फवारलं तर मोकळं तांबं पानं जाळतं. मग चुन्याची निवळी घालत जायचं, पातं स्वच्छ निघेपर्यंत.

पहिली फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर होते आणि दुसरी पावसाळा ओसरताना. नोझल वरच्या दिशेला धरून पानांच्या पोटावर मारावं लागतं. तांब्याचा पातळ थर रुजू पाहणाऱ्या बीजाणूला मारतो, पण आत शिरलेल्या बुरशीपर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून ठिपके दिसल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. फवारणी पानांवर होते, तोडणीच्या कितीतरी आधी होते, आणि दाणा तर गर आणि टरफलाच्या आत असतो. त्यामुळे चवीला धक्का लागत नाही. खर्च मोजते ती जमीन, कारण मातीत साठलेलं तांबं सहजी जात नाही.

सावलीचा प्रश्न मात्र चवीशी थेट भिडतो. पांगारा आणि सिल्व्हर ओकच्या सावलीत फळ सावकाश पिकतं आणि दाणा भरतो. पण दाट सावलीत पानांवरचं पाणी उशिरा सुकतं. बागायतदार पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटून छत विरळ करतात. थेंब लवकर वाळावा एवढा उजेड, आणि उन्हाळ्यात झाड तापू नये एवढी सावली, हा तोल साधायचा असतो. वाणांचंही असंच. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने १९४० च्या दशकात दिलेल्या एस ७९५ या वाणात लायबेरिका जातीचा अंश आहे. त्याची चव आजही नावाजली जाते, पण तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांनी त्याची तटबंदी ओलांडली. म्हणून चांगला वाण लावला तरी बोर्डोचं पिंप अडगळीत टाकता येत नाही.

दुसरा शत्रू १९९० साली निलगिरीतल्या गुडलूरजवळ भारतात पहिल्यांदा सापडला. हा फळ पोखरणारा इवलासा काळा भुंगेरा. बागेत सगळे त्याला बेरी बोरर म्हणतात. मादी दोन मिलिमीटरचीही नसते. फळाच्या टोकाशी असलेल्या नाभीत ती सुईने टोचल्यासारखं भोक पाडते, दाण्यात बोगदा खणते आणि तिथे अंडी घालते. नराला उडता येत नाही. तो जन्मतो त्याच फळात बहिणींशी संयोग करतो आणि तिथेच मरतो. त्यामुळे बाहेर पडणारी प्रत्येक मादी आधीच गर्भार असते. एक मादी म्हणजे एक नवी वसाहत.

आणि ती खाते काय? कॅफिन भरलेला दाणा! झाड हे रसायन किड्यांना दूर ठेवायलाच बनवतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याचा उलगडा झाला. या भुंगेऱ्याच्या आतड्यात राहणारे जिवाणू कॅफिनचं विघटन करतात. प्रतिजैविक देऊन ते जिवाणू मारले, तर कॅफिन तसंच बाहेर पडतं. म्हणजे विष पचवण्याचं काम भुंगेऱ्याने पोटातल्या भाडेकरूंवर सोपवलेलं आहे.

ती दाण्यात शिरली की कोणतीही फवारणी तिला गाठू शकत नाही. पण एक फट उरते. फळ कोवळं असताना ती भोक पाडते आणि दाणा कठीण होईपर्यंत दाराशीच थांबून राहते. त्या दिवसांत ब्यूव्हेरिया नावाची मित्रबुरशी फवारली तर ती मादीला तिथेच मारते, आणि नाभीशी पांढरा कापूस उगवतो. बोर्डोत मात्र ती मिसळायची नाही. बुरशीला मारणारं औषध मित्रबुरशीलाही सोडत नाही.

खरी लढाई तोडणीच्या वेळी होते. तोडणी संपल्यावर झाडावर राहिलेली आणि खाली पडलेली फळं हेच बोररचं उन्हाळ्यातलं घर. वळवाच्या सरी आल्या की त्यांतून माद्या निघतात आणि नव्या फळांकडे वळतात. म्हणून तोडताना झाडाखाली चटया अंथरतात, शेवटच्या फेरीत झाड पूर्ण रिकामं करतात आणि जमिनीवरचं फळ न फळ वेचतात. किडलेली फळं दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवतात. माल वाळवायचा तोही मोजून: पार्चमेंट कॉफी दहा टक्के ओलाव्यापर्यंत, कारण इतक्या कोरड्या दाण्यात बोररला पिल्लं वाढवता येत नाहीत.

आता याच कामांकडे चवीच्या बाजूने पाहा. फक्त लाल फळं फेऱ्याफेऱ्यांनी तोडली तर बोररला पिकून राहिलेलं फळ मिळत नाही, आणि कपात कच्च्या फळाचा तुरटपणा उतरत नाही. पाण्यात फळं टाकली की पोखरलेली आणि पोकळ फळं तरंगतात आणि वेगळी काढता येतात. नीट वाळलेल्या दाण्यात कीडही वाढत नाही आणि बुरशीचा कुबट वासही धरत नाही. कीड आवरण्याची आणि चव राखण्याची कामं इथे वेगळी राहतच नाहीत.

कच्चे, न भाजलेले कॉफीचे दाणे कधी हाती आले तर मूठभर पांढऱ्या कागदावर पसरा. दाण्याला सुईएवढं गोल भोक दिसलं, तर समजा की मागच्या हंगामात कुठल्यातरी बागेत एक फळ वेचायचं राहून गेलं होतं.