काकूंचे डोळे आणि दहावी फ्रेम

घरच्या समारंभात आठ जणांचा ग्रुप फोटो काढला की एकाचे तरी डोळे मिटलेले निघतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी यावर गणितच मांडलं आणि 2006चं इग्नोबेल मिळवलं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, तेवढे फोटो काढायचे. म्हणजे आठ जणांसाठी तीन. पण सगळ्यांचे डोळे उघडे असणं वेगळं आणि सगळ्यांचे चेहरे बरे येणं वेगळं. म्हणून आम्ही सलग बारा फ्रेम घेतो आणि गरज पडली तर एका फ्रेममधला चेहरा दुसरीत बसवतो. यात बसवण्यापेक्षा निवडणंच अवघड.

परवाचंच घ्या. अंगणात, सावलीत, सेकंदाला दहाच्या वेगाने बारा फ्रेम. पाचवीत सगळे खळखळून हसलेले, फक्त काकूंचे डोळे मिटलेले. साहजिकच आधी शेजारच्या फ्रेम बघितल्या. पापणी मिटून उघडायला सेकंदाचा तिसरा हिस्साही जाऊ शकतो, म्हणजे तीन-चार फ्रेम त्यातच खर्ची पडू शकतात. चौथी आणि सहावी बाद. दोन्हींत पापण्या अर्ध्यावर, झोपाळलेल्या. सातवीत डोळे उघडे, पण काकू काहीतरी बोलतायत, ओठांचा चंबू झालेला.

आठवीतलं हसू सुरेख होतं. गाल वर चढलेले, खालची पापणी किंचित ताणलेली. खरं हसू तिथेच ओळखू येतं, ओठ काय, कुणीही ताणतं. मोह झाला. मग कुड्यांकडे लक्ष गेलं. पाचवीत दोन्ही कानांतल्या दिसत होत्या, आठवीत एकच. काकूंनी नातवाकडे मान वळवली होती. तो चेहरा पाचवीतल्या खांद्यांवर बसवला असता तर मान मुरगळल्यासारखी दिसली असती आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना काकू मात्र भलतीकडेच.

दुसऱ्या फ्रेममध्ये मान सरळ, डोळे उघडे, पण ती विनोदाच्या आधीची. खदखदणाऱ्या माणसांत काकू पासपोर्टच्या फोटोसारख्या दिसल्या असत्या. दहावीत हसू जरा ओसरलेलं, पण मान सरळ, दोन्ही कुड्या जागेवर, नाकाची सावली त्याच बाजूला. तीच घेतली. मग पूर्ण मोठी करून डोळ्यांच्या कडा पाहिल्या: हललेला चेहरा स्थिर फोटोत लगेच उघडा पडतो.

व्हिडिओतून फ्रेम काढताना हेच आडवं येतं. फोर-के फ्रेम म्हणजे जेमतेम 80 लाख पिक्सेल, त्यात व्हिडिओचं शटर बहुतेकदा सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकं संथ. हसताना डोकं हललं की पापण्यांचे केस पुसट होतात. अशा वेळी हसू शिगेला पोचून क्षणभर थबकतं, तिथली फ्रेम शोधायची.

प्रिंट पाहून काकू म्हणाल्या, “माझा बरा आला गं या वेळी.” काकांना मात्र त्यांचं पोट खटकलं.