आउटपुट काय येईल? ज्युनियर्सना एका सीनियरचं पत्र

जुलै-ऑगस्ट उजाडला की इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये प्लेसमेंटचे दिवस सुरू होतात. पहिली चाळणी लेखी परीक्षेची. तिच्यात अ‍ॅप्टिट्यूडच्या शेजारीच बऱ्याचदा एक टेक्निकल भाग असतो. पाच-सात ओळींचा सी प्रोग्रॅम, खाली चार पर्याय आणि एकच प्रश्न: आउटपुट काय येईल? हाताशी कंपायलर नाही, वेळ फार तर एक-दीड मिनिट. वर्षभर प्रॅक्टिकलला प्रोग्रॅम चालवून दाखवणारी मुलंही इथे अडखळतात. नोकरी लागून कॉलेजबाहेर पडलेल्या एका सीनियरने आपल्या तिसऱ्या वर्षाच्या ज्युनियर्सना लांबलचक पत्र लिहिलं, ते नेमकं या एका प्रश्नप्रकाराबद्दल.

पत्राच्या सुरुवातीलाच त्याने एक सवय सोडायला सांगितली आहे. प्रश्नसंच उघडायचा, प्रश्न वाचायचा, लगेच उत्तर बघायचं आणि ‘हं, कळलं’ म्हणून पुढे जायचं, ही ती सवय. असे दोनशे प्रश्न वाचून झाले तरी परीक्षेत थोडं वेगळं रूप आलं की हात थांबतो. त्यापेक्षा रोज थोडेच प्रश्न घ्यायचे, प्रत्येकाचा कागदावर ड्राय रन करायचा, उत्तर पेनाने लिहायचं आणि मग प्रोग्रॅम चालवून बघायचा. ड्राय रन कसा करायचा हे दाखवण्यासाठी त्याने हा तुकडा घेतला आहे:

```c
int a = 0, b = 5, c = 2, d;
d = c-- || a++ && b++;
printf("%d %d %d %d", a, b, c, d);
```

वर्गातली बरीच मुलं याचं उत्तर `1 5 1 1` असं देतात. त्यांचा हिशोब असा असतो: `&&` चं प्राधान्य `||` पेक्षा जास्त, म्हणजे आधी `a++ && b++` सोडवायचं. `a++` ची किंमत शून्य, म्हणून `b` ला हात लागत नाही, पण `a` एक होतो. मग `c--`. हिशोब पद्धतशीर दिसतो, पण त्याचा पायाच चुकलेला आहे. प्राधान्यामुळे फक्त कंस कुठे पडतात ते ठरतं. इथे कंस पडतात `c-- || (a++ && b++)` असे. कोण आधी चालणार हा वेगळा प्रश्न आहे आणि `||` च्या बाबतीत भाषेचा नियम स्पष्ट आहे: डावी बाजू आधी, आणि ती खरी निघाली तर उजव्या बाजूकडे बघायचंच नाही. ड्राय रनचा तक्ता असा होतो:

```
          a   b   c   d
start     0   5   2   ?
c--       0   5   1   ?
d =       0   5   1   1
```

`c--` ची किंमत दोन, कारण `--` मागे आहे. किंमत वापरून झाल्यावर `c` एकाने कमी होतो. दोन म्हणजे शून्य नाही, म्हणजे ‘खरं’. उजवा सगळा कंस तिथेच सुटतो. `a` आणि `b` होते तसेच राहतात. `d` मध्ये दोन न जाता एक जातो, कारण `||` चं उत्तर नेहमी शून्य किंवा एकच असतं. आउटपुट `0 5 1 1`. पर्यायांमध्ये `1 5 1 1` हमखास ठेवलेला असतो. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते. म्हणून प्रत्येक ओळीनंतर तक्त्यात नवी ओळ लिहायचीच, डोक्यात धरून ठेवायचं नाही, असा सीनियरचा आग्रह आहे. चार व्हेरिएबल आणि तीन टप्पे डोक्यात फिरवताना एखादी किंमत जुनीच राहून जाते, हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं.

दुसरा तुकडा त्याहून छोटा आहे आणि पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग कदाचित हाच असावा.

```c
int n = -1;
if (n < sizeof(int))
    printf("Small");
else
    printf("Big");
```

उणे एक हा चारपेक्षा लहान, हे शाळेतलं गणित. प्रोग्रॅम मात्र `Big` छापतो. `sizeof` जी किंमत देतो तिचा प्रकार `size_t`, म्हणजे चिन्हाविना साठवलेला पूर्णांक. तुलना करायची तर दोन्ही बाजू एकाच प्रकारात आणाव्या लागतात, आणि इथे नियमाप्रमाणे `n` ला चिन्हाविना प्रकारात जावं लागतं. त्या प्रकारात उणे एकला जागाच नाही. तो गुंडाळला जाऊन त्या प्रकारातली सर्वांत मोठी संख्या होतो. आजच्या 64 बिटच्या मशीनवर ती संख्या 18446744073709551615 आहे, तब्बल वीस अंकी. चार तिच्यापुढे लहानच ठरणार.

इथवर अनेक प्रश्नसंच सांगतात. सीनियरने पुढचं पाऊल टाकलं आहे: ‘चिन्हाविना प्रकार दिसला की उत्तर उलटं’ असं पाठ करू नका. `sizeof(int)` च्या जागी `unsigned char u = 4;` घेऊन `n < u` लिहिलं, तर नेहमीच्या मशीनवर `Small` छापलं जातं. कारण `char` आणि `short` यांसारखे छोटे प्रकार हिशोबात उतरण्याआधी `int` मध्ये चढवले जातात, आणि चारसारखी किंमत `int` मध्ये आरामात मावते. मग तुलना `int` ची `int` शी होते आणि उणे एक उणे एकच राहतो. ज्याला पायऱ्या माहीत आहेत त्याची दोन्ही उत्तरं बरोबर येतात. ज्याने फक्त युक्ती पाठ केली त्याचं दुसरं चुकतं.

तिसऱ्या प्रकाराबद्दल पत्राचा सूर बदलतो, कारण तिथे चूक मुलांची नसते.

```c
int i = 5;
printf("%d %d", i, i++);
```

हा तुकडा सीनियरने दोन कंपायलरांवर चालवायला सांगितला आहे. जीसीसीवर साधारणपणे `6 5` येतं, क्लँगवर `5 5`. दोघांपैकी कुणीही चुकलेला नाही. फंक्शनला दिलेल्या किमती कोणत्या क्रमाने काढायच्या हे सी भाषेने ठरवून दिलेलं नाही. मधला स्वल्पविराम फक्त वेगळेपणा दाखवतो. शिवाय एकाच वेळी `i` वाचायचा आणि `i` बदलायचाही, मध्ये क्रम लावणारं काहीच नाही, अशा वेळी प्रमाण भाषा हात वर करते: या प्रोग्रॅमचं वर्तन अनिर्धारित. काहीही छापलं गेलं तरी नियमभंग होत नाही.

मग असे प्रश्न परीक्षेत येतात कुठून? याची मुळं जुन्या लॅबमध्ये आहेत. बोरलँड कंपनीचं टर्बो सी 1987 मध्ये आलं आणि भारतातल्या कॉलेजांत ते वर्षानुवर्षं टिकलं. नव्या विंडोजवर ते चालेना तेव्हा डॉसबॉक्स टाकून चालवलं गेलं. त्यात असे अर्ग्युमेंट उजवीकडून डावीकडे काढले जात, `int` दोन बाइटचा असे. लॅबमध्ये जे दिसलं तेच ‘उत्तर’ म्हणून वह्यांमध्ये गेलं, वह्यांमधून प्रश्नसंचांत आणि तिथून पुढच्या बॅचकडे. सी शिकण्याची गोडी लावणारी चांगली पुस्तकंही याच काळातली आहेत. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘टेस्ट युअर सी स्किल्स’ हे छोट्या प्रोग्रॅमवरच्या प्रश्नांचं पुस्तक आजही हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये सापडतं. जुनं पुस्तक हातात घेतलं की आधी ते कोणत्या कंपायलरसाठी आहे ते बघा, अशी सीनियरची सूचना आहे. `sizeof(int)` चं उत्तर दोन दिलेलं असेल, तर ते 16 बिटच्या काळातलं समजायचं.

अनिर्धारित प्रश्न ओळखायची त्याची खूण सोपी आहे. एका विधानात तेच व्हेरिएबल दोनदा आलंय का? त्यातल्या एका ठिकाणी तरी `++`, `--` किंवा `=` ने ते बदलतंय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या दोन जागांच्या मध्ये `&&`, `||`, `?:` किंवा स्वल्पविरामाचा ऑपरेटर आहे का ते बघायचं. तो असेल तर क्रम ठरलेला आहे. `i++ && i++` चं उत्तर नक्की सांगता येतं. नसेल तर `i = i++ + ++i` असो की `a[i] = i++`, पक्कं उत्तर मिळणार नाही. साधं `i = i + 1` मात्र यात येत नाही. तिथे जुनी किंमत वाचली जाते ती नवी ठरवण्यासाठीच.

परीक्षेत काय करायचं याबद्दल त्याने आडपडदा ठेवलेला नाही. पर्यायांमध्ये ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ किंवा ‘कंपायलर डिपेंडंट’ असेल, तर तोच निवडायचा. तसा पर्यायच नसेल, तर प्रश्न बहुधा जुन्या संचातून उचललेला आहे. उजवीकडून डावीकडे हिशोब करून येणारं उत्तर पर्यायांत आहे का ते बघायचं आणि पुढे जायचं. निगेटिव्ह मार्किंग असेल तर सोडून दिलेलं बरं. पेपरच्या सूचनांमध्ये कधी कधी कंपायलर आणि `int` चा आकार दिलेला असतो. ती ओळ न वाचता पहिल्या प्रश्नावर उडी मारणारे हातातले मार्क घालवतात. आणि इंटरव्ह्यूत असा प्रश्न निघालाच, तर नुसतं `6 5` म्हणण्यापेक्षा क्रम का ठरलेला नाही ते दोन वाक्यांत सांगावं. समोरच्याला त्यात जास्त रस असतो.

सरावासाठी त्याने दिलेली कमांड अशी:

```
gcc -std=c11 -Wall -Wextra prog.c
```

`-Wall` दिलं की जीसीसी तिसऱ्या तुकड्यावर `operation on 'i' may be undefined` अशी ताकीद देतो. पहिल्या तुकड्यात कंस घालायलाही सुचवतो. `sizeof` च्या तुकड्यावर मात्र सी प्रोग्रॅमसाठी `-Wall` गप्प राहतं. त्यासाठी `-Wextra` लागतं. त्यामुळे ‘वॉर्निंग आली नाही म्हणजे सगळं ठीक’ असं धरून चालू नये. कागदावरचं उत्तर चुकलं तर ताकीद वाचायची, मग तक्त्यात कुठली ओळ चुकली ते शोधायचं आणि वहीत प्रश्नाऐवजी चुकीचं कारण लिहायचं: प्राधान्याला क्रम समजलो, प्रकार बदलला ते दिसलं नाही, `break` नसलेला `case` सुटला. आठवडाभराने वही उघडली की कोणतं कारण पुन्हा पुन्हा येतंय ते दिसतं, आणि पुढच्या आठवड्याचे प्रश्न त्याच कारणाचे निवडायचे.